घर दोघांचं, कर्ज दोघांचं, मग वजावट कुणाची किती?

प्रश्न : आम्ही नवरा-बायको दोघंही नोकरी करतो. माझा पगार वर्षाला १९ लाख, बायकोचा १४ लाख. मार्च २०२५ मध्ये पुण्यात वाकडला ८० लाखांचा तयार फ्लॅट घेतला. पदरचे २० लाख घातले (माझे १४, तिचे ६) आणि ६० लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी, २० वर्षांसाठी, दोघांच्या नावावर काढलं. करारनाम्यात दोघांची नावं आहेत, पण कुणाचा किती हिस्सा ते लिहिलेलं नाही. हप्ता सगळा माझ्या खात्यातून जातो, घरखर्च ती बघते. बँकेच्या दाखल्यात व्याजाचा एकच आकडा आहे आणि वर दोघांची नावं. २०२५-२६ च्या विवरणपत्रात व्याज आणि मुद्दल निम्मं-निम्मं दाखवायचं का? दोघांना दोन-दोन लाख मिळतात हे खरं आहे का? पुढेमागे माझी मुंबईला बदली होईल असं दिसतंय, तेव्हा फ्लॅट कदाचित भाड्यानं देऊ.

उत्तर :

दोन-दोन लाख मिळतात हे खरं आहे. पण ते जुन्या करप्रणालीत, घर स्वतःच्या वापरात असताना, आणि तीन गोष्टी एकाच माणसात जमल्या तरच. तो माणूस घराचा मालक हवा, कर्जात कर्जदार हवा आणि कर्ज फेडणाराही हवा. यातली एक जरी निसटली तरी वजावट डळमळते. सगळ्यात जास्त फसगत होते ती पहिल्या गोष्टीत. बँकेनं पात्रता वाढवण्यासाठी बायकोला सहकर्जदार केलेलं असतं, करारनाम्यात मात्र नाव फक्त नवऱ्याचं असतं. अशा बायकोनं आयुष्यभर हप्ते भरले तरी तिला ना व्याजाची वजावट मिळत ना मुद्दलाची, कारण ज्या घराचं उत्पन्न आपल्या नावावर मोजलं जात नाही त्या घराची वजावट आपल्याला नसते. तुमच्याकडे दोघांची नावं दोन्हीकडे आहेत, त्यामुळे तो प्रश्न सुटलेला आहे. अडचण हिश्श्याची आणि हप्त्याची आहे.

आधी हिस्सा बघू. करारनाम्यात हिस्सा लिहिला नाही म्हणजे आपोआप निम्मा-निम्मा, असं सगळेच धरून चालतात. कायदा तसं म्हणत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ४५ व्या कलमात याची सरळ पायरी दिलेली आहे. दोघांनी वेगवेगळ्या पैशातून किंमत दिली असेल तर ज्यानं जेवढे घातले त्या प्रमाणात त्याचा हिस्सा. कुणी किती घातले याचा पुरावाच नसेल, तर मग दोघांचा सारखा धरायचा. म्हणजे निम्मा-निम्मा हा शेवटचा पर्याय आहे, पहिला नव्हे. आणि तुमच्याकडे पुरावा आहे.

तुमचे पदरचे १४ लाख, तिचे ६. कर्जाचे ६० लाख दोघांच्या सामायिक जबाबदारीवर आले, तिथे वेगळं काही ठरलेलं नसल्यानं ३०-३० धरू. तुमचे झाले ४४ लाख, तिचे ३६ लाख. ८० लाखांत हे ५५ टक्के आणि ४५ टक्के बसतं. माझ्या मते तुमच्या घराचा हिस्सा हाच आहे. खरेदीच्या दिवशी तो ठरला. पुढे हप्ता कुणाच्या खात्यातून गेला यानं तो रोज हलत नाही. तुम्ही तिच्या वाटचा हप्ता भरला तर तिचं देणं तुम्ही भागवलं, एवढाच त्याचा अर्थ. मालकी त्यामुळे सरकत नाही. वजावट मात्र सरकते, ती गोष्ट पुढे येईल.

आता एक कागद काढून बघा. किंमत ५० लाखांच्या वर असल्यानं विकणाऱ्याचा एक टक्का टीडीएस, म्हणजे ८०,००० रुपये, तुम्ही कापला असेल. तो तेव्हा फॉर्म २६क्यूबीमध्ये प्रत्येक खरेदीदाराला स्वतःच्या पॅनवर वेगळा भरावा लागे. तिथे तुम्ही ४४,००० आणि ३६,००० असं भरलंय की ४०-४० हजार? की सगळे ८०,००० तुमच्याच पॅनवर? हा फॉर्म लोक घाईत भरतात आणि विसरतात, पण हिश्श्याबद्दल तुम्ही सरकारला दिलेलं ते पहिलं लेखी विधान असतं. माझ्याकडे एक जोडपं आलं होतं. विवरणपत्रात ६०:४०, टीडीएसमध्ये ५०:५०, आणि ऑफिसला दिलेल्या पत्रात ७०:३०. तिन्ही आकडे वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळ्या माणसांनी सांगितले म्हणून लिहिलेले. नोटीस आली तेव्हा रकमेचा वाद असा नव्हताच. यातला खरा हिस्सा कोणता, एवढंच विचारलं होतं, आणि त्याचंच उत्तर त्यांच्याकडे नव्हतं.

करारनाम्यात हिस्सा घालून घ्यायचा का? नवीन करार होत असेल तर एक ओळ लिहूनच घ्या, त्याला वेगळा खर्च नाही. तुमचा झालेला आहे. आता दोघांनी मिळून स्टॅम्प पेपरवर एक घोषणापत्र करा. पैसे कोणाच्या कोणत्या खात्यातून किती गेले, त्यावरून हिस्सा ५५:४५ कसा निघतो, आणि कर्जाची जबाबदारी आपसात कशी आहे, एवढं त्यात असू द्या. सोबत बँकेची स्टेटमेंट जोडून ठेवा. हा कागद असलेली वस्तुस्थिती लिहून ठेवतो, नवीन मालकी देत नाही. उद्या वाटलं की हिस्सा ८०:२० हवा होता, तर घोषणापत्रानं ते होणार नाही. त्याला नोंदणीकृत बक्षीसपत्र किंवा हक्कसोडपत्र लागतं, आणि घर गहाण असल्यानं बँकेची संमतीही. सोसायटीच्या भागदाखल्यावर पहिलं नाव कुणाचं यावरून घराघरांत रुसवेफुगवे होतात, पण कराच्या हिशेबात पहिल्या-दुसऱ्या नावाला काही अर्थ नाही.

आता व्याज. ६० लाख, साडेआठ टक्के, २० वर्षं, म्हणजे हप्ता साधारण ५२,०७० रुपये. पहिल्या वर्षी तुम्ही एकूण ६ लाख २५ हजारांच्या आसपास भरले, त्यात व्याज ५ लाख ५ हजार आणि मुद्दल फक्त १ लाख १९ हजार. दाखल्यावरचे आकडे महिन्याच्या तारखांप्रमाणे थोडे इकडेतिकडे असतील.

५५ टक्क्यांनी तुमचं व्याज येतं २ लाख ७८ हजार, ४५ टक्क्यांनी तिचं २ लाख २७ हजार. दोघंही दोन लाखांच्या मर्यादेवर अडकतात, म्हणजे मिळून ४ लाख. वरचे १ लाख ५ हजार वाया. ही मर्यादा घराला नाही तर माणसाला आहे, म्हणून सहमालकांना ती वेगवेगळी मिळते. प्राप्तिकर कायद्याचं २६ वं कलम हेच सांगतं, की हिस्से निश्चित असतील तर प्रत्येक सहमालकाकडे एकट्या मालकासारखं बघायचं. ‘निश्चित’ हा शब्द तिथे आहे म्हणूनच मी घोषणापत्राच्या मागे लागतो.

यातून एक गंमत दिसते. व्याज पाच लाखांच्या पुढे असताना दोघांना पूर्ण दोन-दोन लाख मिळायला हिस्सा बरोबर निम्मा असावा लागत नाही. ज्याचा हिस्सा कमी त्याचा तो ४० टक्क्यांच्या आसपास असला की पुरे. ५५:४५ काय, ६०:४० काय, वजावट तीच. ७०:३० केलं असतं तर मात्र तिच्या वाट्याला दीड लाखच आलं असतं आणि पन्नास हजारांची वजावट हातची गेली असती. तुमच्या कर्जात व्याज चार लाखांच्या खाली यायला नववं वर्ष उजाडेल. तोपर्यंत हिश्श्यातल्या दोन-चार टक्क्यांवर डोकेफोड करण्यात अर्थ नाही. जे काही आहे ते सगळ्या कागदांवर एकसारखं असणं जास्त महत्त्वाचं.

मग हप्ता पूर्ण तुमच्या खात्यातून जातो त्याचं काय? तुमच्या बाजूनं काही बिघडत नाही. तुम्ही सगळं व्याज भरलं असलं तरी मालकी ५५ टक्के असल्यानं त्यापेक्षा जास्त व्याज मी तुमच्या नावावर दाखवणार नाही, आणि दाखवलं तरी दोन लाखांवर थांबणारच. प्रश्न तिचा आहे. तिनं एक रुपयाही फेडलेला नाही, मग ती दोन लाख कसे मागणार? काही सल्लागार म्हणतात की व्याजाची वजावट ‘देय’ तत्त्वावर मिळते, ती सहकर्जदार आहे, तेव्हा देणं तिचंही आहे. मुद्दा अगदीच पोकळ नाही. पण चौकशीत अधिकारी बँकेचं स्टेटमेंट मागतो आणि त्यात तिचं नाव कुठे दिसत नाही. ‘घरखर्च मी करते’ हे उत्तर खरं असतं, निम्म्या महाराष्ट्राची घरं अशीच चालतात, पण किराण्याच्या पावत्यांवरून गृहकर्जाची वजावट मिळत नाही.

म्हणून मी जोडप्यांना एकच सांगतो, खर्चाची अदलाबदल करा. तिच्या पगारातून दर महिन्याला २३,४०० रुपये तुमच्या हप्त्याच्या खात्यात येऊ देत, तारीख लावून, आपोआप. हप्त्याचे ४५ टक्के तेवढेच होतात. आणि तेवढा किराणा, दूध, मुलांची फी तुमच्याकडे घ्या. घरात येणारा-जाणारा पैसा तेवढाच राहतो, पण कागदावर ती कर्ज फेडणारी होते. संयुक्त खातं उघडून दोघांनी त्यात आपापला वाटा टाकला आणि हप्ता तिथून गेला तर आणखी चांगलं. झालेल्या वर्षासाठी मात्र मागच्या तारखांच्या नोंदी रंगवत बसू नका. आता एकरकमी २ लाख ८० हजार तुमच्या खात्यात टाकून ‘हा गेल्या वर्षीचा माझा हप्ता’ असं म्हणण्यात तर काहीच राम नाही.

मुद्दलाचं गणित वेगळं आहे, आणि त्यात व्याजापेक्षा कडकपणा जास्त आहे. ते ८० सी कलमात बसतं, दीड लाखाच्या एकत्र मर्यादेत, पीएफ, विमा, मुलांची शाळा-कॉलेजची फी यांच्या शेजारी. इथे ‘देय’ वगैरे चालत नाही. वर्षात ज्यानं प्रत्यक्ष भरलं त्यालाच मिळतं. म्हणजे २०२५-२६ मध्ये १ लाख १९ हजारांचं मुद्दल फेडलं ते सगळं तुम्ही, आणि बायकोनं ५३-५४ हजार आपल्या नावावर दाखवणं चूक ठरेल. तुमचं स्वतःचं? पगार १९ लाख म्हटल्यावर तुमचा पीएफच दीड लाखाच्या अगदी जवळ असेल, तिथे मुद्दलाला जागा कुठे आहे? बहुतेक पगारदारांच्या बाबतीत मुद्दलाची वजावट नावालाच उरते, त्यामुळे त्याच्या वाटपावर मी फारसा वेळ घालवत नाही. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फीसुद्धा याच दीड लाखात येते, पण फक्त ज्या वर्षी भरली त्याच वर्षी. तुमची मार्च २०२५ मध्ये भरली गेली, म्हणजे तो विषय २०२४-२५ च्या विवरणपत्राचा होता.

एक गोष्ट मात्र लक्षात असू द्या. ८० सीमध्ये मुद्दल दाखवलं आणि ताबा मिळालेल्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपासून पाच वर्षांच्या आत घर विकलं, तर आजवर घेतलेली ती वजावट विक्रीच्या वर्षी उत्पन्नात परत मिळवली जाते. व्याजाला असा नियम नाही.

आता तुम्ही न विचारलेला प्रश्न, आणि माझ्या मते तोच पहिला असायला हवा होता. तुम्ही दोघं जुन्या करप्रणालीत राहणार आहात का? कारण नव्या प्रणालीत स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजाची वजावट शून्य आणि ८० सीही नाही. तिथे ५५:४५ असो की ५०:५०, फरक शून्य पडतो.

तुमचंच गणित मांडू, २०२५-२६ च्या दरांनी. तुम्ही, १९ लाख. जुन्यात प्रमाणित वजावट पन्नास हजार, व्याजाचे दोन लाख, ८० सीचे दीड लाख, मिळून चार लाख गेले, उरले १५ लाख. त्यावर उपकरासह कर २ लाख ७३ हजार. नव्यात फक्त पंचाहत्तर हजारांची प्रमाणित वजावट, उरले १८ लाख २५ हजार, आणि कर १ लाख ७१ हजार ६००. म्हणजे गृहकर्जाची पूर्ण वजावट घेऊनही जुनी प्रणाली तुम्हाला लाखभर रुपयांनी महाग पडते.

बायको, १४ लाख. तिनं तिचा हप्ता नीट भरलाय असं धरून जुन्यात चार लाख वजा केले तर उरतात १० लाख, कर १ लाख १७ हजार. नव्यात १३ लाख २५ हजारांवर ८१ हजार ९००. तिलाही नवी प्रणाली पस्तीस हजारांनी स्वस्त.

म्हणजे गेल्या वर्षी तिनं हप्ता भरला नाही याचं तुम्हाला काडीचंही नुकसान झालेलं नाही. दोघांनी २०२५-२६ चं विवरणपत्र नव्या प्रणालीत भरावं, घर स्वतःच्या वापरातलं म्हणून दाखवावं, व्याजाच्या रकान्यात काही लिहू नये. आरोग्यविमा, एनपीएस वगैरे धरून जुनी प्रणाली जिंकते का ते तुमचे आकडे घालून बघा, पण तुमच्या बाबतीत अंतर इतकं मोठं आहे की मला शक्यता कमी वाटते. जुन्या प्रणालीला तुमच्यासाठी नव्याच्या बरोबरीला यायचं तर एकूण सव्वासात लाखांची वजावट लागते. प्रमाणित वजावट, गृहकर्ज आणि ८० सी मिळून चारवर पोचते. उरलेले सव्वातीन लाख आणणारी गोष्ट पगारदाराकडे साधारण एकच असते, ती म्हणजे घरभाडे भत्ता. आणि स्वतःच्या घरात राहणाऱ्याला तो नसतो.

इथेच तुमच्या बदलीचा संबंध येतो. समजा तुम्ही मुंबईला गेलात, तिथे भाड्यानं राहिलात आणि बायको वाकडच्या घरातच राहिली. घर स्वतःच्या वापरातलंच राहतं, व्याजाचे दोन लाखही मिळतात, आणि मुंबईच्या भाड्यावर भत्त्याची सूटही. त्या सुटीतून वर्षाला ३ लाख ६० हजार करमुक्त झाले, तर जुन्यात तुमचं करपात्र उत्पन्न ११ लाख ४० हजारांवर येतं आणि कर १ लाख ६० हजार ७०० च्या घरात. आता जुनी प्रणाली जिंकते, साधारण अकरा हजारांनी. बायको मात्र नव्यातच बरी. नवरा जुन्यात आणि बायको नव्यात असं चालतं का, हा प्रश्न मला दर जुलैमध्ये विचारतात. चालतं. प्रत्येकजण आपलं स्वतंत्र ठरवतो, आणि ज्यांना धंद्या-व्यवसायाचं उत्पन्न नाही त्यांना दरवर्षी नव्यानं ठरवता येतं. अट एवढीच की जुनी निवडायची तर विवरणपत्र मुदतीत भरलं पाहिजे. मुदत हुकली की नव्यातच बसावं लागतं. तिच्या वाट्याचं न वापरलेलं व्याज तुम्ही आपल्याकडे घेऊ शकत नाही, आणि तुमचे दोन लाख तुमच्याच हिश्श्यात पूर्ण भरत असल्यानं त्याची गरजही नाही.

दुसरी शक्यता, दोघंही मुंबईला गेलात आणि फ्लॅट भाड्यानं दिला. हिश्श्याप्रमाणे हप्ता भरण्याचं खरं मोल इथे दिसतं, आणि तेही नव्या प्रणालीत. भाड्यानं दिलेल्या घराचं व्याज नव्या प्रणालीतही वजा होतं, फक्त भाड्याच्या उत्पन्नापुरतं. त्यावर होणारा तोटा पगारातून वजा करता येत नाही आणि पुढच्या वर्षी ओढताही येत नाही.

भाडं महिना २५,००० धरा, वर्षाचे ३ लाख. तुम्ही भरलेली घरपट्टी १५ हजार वजा, उरले २ लाख ८५ हजार. त्यातून ३० टक्के ठोक वजावट, देखभालीवर प्रत्यक्षात कितीही खर्च होवो. उरले १ लाख ९९ हजार ५००. ५५:४५ नं तुमच्याकडे सुमारे १ लाख १० हजार, तिच्याकडे ९० हजार. सोयीसाठी व्याज पहिल्या वर्षाइतकंच धरू. तुमच्या वाट्याचं व्याज २ लाख ७८ हजार, म्हणजे तुमचं भाडं पूर्ण पुसलं जातं. तिनं आपला वाटा फेडलेला असेल तर तिचे २ लाख २७ हजार तिचे ९० हजार पुसून टाकतात. दोघांचा भाड्यावरचा कर शून्य.

पण आजच्यासारखा हप्ता फक्त तुमच्याकडूनच जात राहिला तर? तुमच्याकडे व्याजाचा डोंगर आहे, जो तुमच्या १ लाख १० हजारांपलीकडे निरुपयोगी. तिच्याकडे ९० हजारांचं उत्पन्न आहे आणि वजा करायला व्याज नाही. तिच्या १५ टक्क्यांच्या टप्प्यात त्यावर उपकरासह चौदा हजार रुपये कर दरवर्षी. आणि ‘भाडं सगळं नवऱ्याच्या खात्यात येतं, म्हणून सगळं त्याच्याच नावावर दाखवू’ ही पळवाट नाही. भाडं मालकीप्रमाणे वाटलं जातं, ते कुणाच्या खात्यात पडलं त्याप्रमाणे नाही. म्हणून अदलाबदलीचं जे मी वर सांगितलं ते बदलीची वाट न बघता आत्ताच सुरू करा. दोन वर्षांच्या सलग नोंदी तयार असलेल्या बऱ्या.

जुन्या प्रणालीत भाड्याच्या घराचा तोटा प्रत्येकाला वर्षाला दोन लाखांपर्यंत पगारातून वजा करता येतो, उरलेला आठ वर्षं पुढे नेऊन घराच्याच उत्पन्नातून वजा करता येतो. बदलीनंतर तुम्ही जुन्यात असाल तर तो हिशेब त्या वेळी करू.

भाड्याचं घर विवरणपत्रात भरताना हमखास होणारी एक चूक सांगतो. घराच्या तक्त्यात भाडं आणि घरपट्टी पूर्ण घराची भरायची असते. मग तुमचा हिस्सा ५५ टक्के आणि सहमालकाचा पॅन घातला की वार्षिक मूल्य त्या प्रमाणात आपोआप कमी होतं. त्याखाली व्याजाचा रकाना येतो. लोकांना वाटतं, वर पूर्ण आकडा भरला तसा इथेही पूर्ण भरायचा, बाकी ते सॉफ्टवेअर बघेल. ते बघत नाही. व्याज तुमच्या वाट्याचंच लिहायचं. दोघांनी पाच-पाच लाख लिहिलं की एकाच कर्ज खात्यावर दहा लाखांचं व्याज दिसतं. आणि व्याजाच्या वजावटीसाठी आता बँकेचं नाव, कर्ज खात्याचा क्रमांक, मंजुरीची तारीख हे सगळं फॉर्ममध्येच मागतात, त्यामुळे दोन्ही विवरणपत्रं शेजारी ठेवून बघणं संगणकाला अवघड नाही. दोघांची विवरणपत्रं एकाच बैठकीत भरा. हिश्श्याची बेरीज शंभर आणि व्याजाची बेरीज दाखल्यावरच्या आकड्याइतकी किंवा त्याहून कमी येते का, एवढं बघा.

बँकेच्या दाखल्यावर हिस्सा पाडून मिळत नाही म्हणून काळजी करू नका. बँकेला तुमच्या मालकीशी देणंघेणं नसतं, तिच्या लेखी दोघंही पूर्ण कर्जाला बांधील. जुन्या प्रणालीत असताना ऑफिसला वजावटींच्या फॉर्मसोबत दाखल्याची प्रत आणि ‘आमचा हिस्सा इतका, मी इतकं व्याज मागतोय, जोडीदार इतकं मागतोय’ असं दोघांच्या सहीचं पत्र दिलं की एचआर गप्प बसतं.

तुमच्या सोसायटीत कुणी सांगेल की बायकोचा हिस्सा वाढवून घ्या, तिचा टप्पा कमी आहे, भाड्यावर कर कमी लागेल. तुमच्याकडे ते जुळणार नाही. पैसे तुमचे आणि मालकी तिची असं झालं, तर मोबदल्याशिवाय जोडीदाराला दिलेल्या मालमत्तेचं उत्पन्न देणाऱ्याच्याच उत्पन्नात मिळवलं जातं. कागदावर घर तिचं, भाड्यावर कर तुमचा, आणि नोंदणीची धावपळ फुकट. जिला स्वतःचं उत्पन्न नाही अशा बायकोचं नाव करारनाम्यात घालणाऱ्यांनाही हेच लागू होतं. नाव जरूर घाला, तिच्या सुरक्षेसाठी ते उत्तमच, पण त्यातून करबचतीची अपेक्षा ठेवू नका.

विक्रीच्या वेळी भांडवली नफाही याच ५५:४५ नं वाटला जाईल. म्हणून नव्या प्रणालीत व्याजाची वजावट मिळत नसली तरी दरवर्षीचे व्याजाचे दाखले फेकू नका. वजावट म्हणून एकदा घेतलेलं व्याज घराच्या किमतीत पुन्हा धरता येत नाही, हे २०२३ च्या दुरुस्तीनं स्पष्ट झालं. न घेतलेलं व्याज किमतीत मिळवता येतं असा दावा करायला जागा आहे. त्यावर वाद होऊ शकतो, पण दाखलेच नसतील तर वाद घालायलाही काही उरत नाही.

१ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा लागू झाला आहे आणि त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. ८० सीचं कलम १२३ झालं, घराच्या व्याजाचं कलम २४ चं २२. तुमचं २०२५-२६ चं विवरणपत्र मात्र जुन्याच कायद्याखाली जाईल. आधी २६क्यूबीच्या दोन्ही पावत्या शोधून त्यात काय प्रमाण टाकलंय ते बघा. ते ५५:४५ नसेल तर घोषणापत्राचा मसुदा करण्याआधी मला कळवा, कारण टीडीएसची दुरुस्ती करायची की घोषणापत्रात त्याचा खुलासा लिहायचा, हे त्यावर ठरेल.